कोशिंबीर नको म्हणणाऱ्या घरासाठी

‘आमच्याकडे सॅलड कुणी खातच नाही,’ अशी तक्रार करणाऱ्या बायका भेटल्या की मी त्यांना आधी एवढंच विचारते, की ताटात उरतं ते नेमकं काय आणि कुणाच्या ताटात? ‘सगळ्यांच्या ताटात सगळंच’ हे उत्तर मी मानत नाही. दोन दिवस नीट पाहिलं तर प्रत्येकाचं भांडण वेगळं निघतं. कुणाचं दातांशी, कुणाचं वासाशी, कुणाचं नुसतं गारपणाशी. ते एकदा कळलं की अर्धं काम झालं, कारण प्रत्येकावर उपाय वेगळा आहे आणि बहुतेक उपाय आपल्याच स्वयंपाकघरात पडून आहेत.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण घेते. ती नाशिकला असते. तिच्या टेबलावर रोज एक ताटली यायची. काकडी, टोमॅटो आणि कांद्याच्या चकत्या, कडेला लिंबाची फोड, म्हणजे हॉटेलात पनीरच्या भाजीआधी पुढ्यात येते तशी. ती जशी यायची तशीच बहुतेक वेळा परत जायची. सासऱ्यांना कवळी, त्यामुळे गाजर-काकडी चावताना हिरड्या दुखायच्या, पण ते तसं सांगत नसत, ‘मला आवडत नाही’ म्हणत. नवऱ्याला झणझणीत लागतं, त्यामुळे ही ताटली त्याच्या लेखी आजाऱ्याचं खाणं. शाळकरी मुलाला गार आणि पाणचट काहीही नको. शिवाय बिटाला मातीचा वास येतो, हे त्याचं ठाम मत होतं, आणि त्यात तो चुकत नव्हता.

या तिघांसाठी तीन वेगळ्या कोशिंबिरी रोज करायच्या नाहीत. शिजवलेली, मोड आलेली आणि फळांची अशा तीन वाटांनी आठवडा आखायचा, म्हणजे प्रत्येकाला आपलं काहीतरी सापडतं. पण त्याआधी पाण्याचा बंदोबस्त करायला हवा. कोशिंबीर नकोशी होण्याचं सगळ्यात मोठं कारण तिला सुटलेलं पाणी हेच असतं.

मीठ लागलं की भाजीतलं पाणी बाहेर येतं. सकाळी डबे भरताना कोशिंबीर कालवून ठेवली आणि दुपारी दीडला वाढली, तर वाटीच्या तळाशी बेचव पाणी आणि वर मलूल काकडी, हे ठरलेलंच. यावर दोन मार्ग आहेत. एक तर मीठ अगदी वाढताना घाला. नाहीतर मुद्दाम आधी लावा आणि सुटलेलं पाणी काढून टाका. खमंग काकडीत आपण दुसरा मार्ग वापरतो. दोन मध्यम काकड्या सोलून बारीक चोचवायच्या, अर्धा चमचा मीठ लावून दहा मिनिटं ठेवायच्या आणि मुठीत धरून पिळायच्या. निघालेलं पाणी कणकेत जातं. त्या दिवशी कणकेत मीठ कमी घालायचं, एवढं लक्षात ठेवा. पिळलेल्या काकडीत तीन चमचे दाण्याचं कूट, थोडं ओलं खोबरं, चिमूटभर साखर आणि लिंबू घालायचं, वर तूप-जिरं-हिरव्या मिरचीची फोडणी. कूट अगदी शेवटी घाला. ते पाणी शोषतं, म्हणून आधी घातलं तर लगदा होतो. दाणे खरपूस भाजलेले असावेत आणि कूट जाडसर असावं. पिठासारखं कूट कोशिंबिरीला चिकटपणा आणतं.

आता शिजवलेल्या कोशिंबिरी. कच्चं तेवढंच सॅलड, ही समजूत आपल्याकडे बाहेरून आली. आपलं भरीत आणि रायतं यांत भाजी शिजवलेली, वाफवलेली किंवा भाजलेली असते आणि तरीही ती ताटाच्या डाव्या बाजूलाच बसते. शिजवताना ‘क’ जीवनसत्त्व काही प्रमाणात जातं हे खरं. पण ज्या माणसाच्या पोटात आत्ता शून्य भाजी जाते आहे, त्याच्याशी त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. चोथा टिकतो, आणि वाटी रिकामी होते.

सुरुवात लाल भोपळ्याच्या भरितानं करावी असं माझं मत. तो गोडसर आहे, मऊ आहे, आणि रंगानं जेवणारा आधीच निम्मा वश होतो. अर्धा किलो भोपळ्याची साल आणि बिया काढून मोठ्या फोडी करायच्या. त्या कुकरच्या भांड्यात घालताना भांड्यात पाणी अजिबात नको. भोपळा स्वतःच्या पाण्यात शिजतो. दोन शिट्ट्या पुरतात. झाकण उघडल्यावर जे पाणी दिसेल ते निथळून आमटीत घाला आणि फोडी ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. बिघडतं ते इथेच. गरम भोपळ्यात दही घातलं की दही फुटतं आणि भरीत चोथापाणी दिसतं. गार झालेल्या फोडी हातानं कुस्करायच्या. मिक्सर नको, थोड्या गाठी राहिलेल्या बऱ्या. त्यात वाटीभर घट्ट, आंबट न झालेलं दही, मीठ, अर्धा चमचा साखर. दही पातळ असेल तर अर्धा तास फडक्यात टांगून ठेवा. दोन चमचे तेलाची फोडणी करायची, त्यात मोहरी, हिंग, हिरवी मिरची आणि कढीपत्ता. मोहरी पूर्ण तडतडू द्या, अर्धी राहिलेली दाताखाली कडवट लागते. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी हे दुसऱ्यांदा मागून घेतलं, कारण यात कवळीला काही कामच नाही.

नवऱ्यासाठी याच भरितात एक बदल करता येतो, फेसलेली मोहरी. एक चमचा मोहरी थोड्या पाण्याबरोबर खलात किंवा मिक्सरच्या छोट्या भांड्यात वाटायची, झाकण काढल्यावर नाकात झिणझिण्या येईपर्यंत. मोहरी कोरडी असताना तिला हा वास नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की मगच तो तयार होतो, आणि गरम केलं की जातो. म्हणून ही मोहरी फोडणीत न घालता गार भरितात कालवायची. वाटलेली मोहरी जास्त झाली तर कडू होते, तेव्हा आधी अर्धा चमचा घालून चाखा. ज्याला कोशिंबीर मिळमिळीत वाटते त्याला तिखटाची पूड वाढवून देण्यापेक्षा हे बरं. तिखट जिभेवर राहतं, मोहरी टाळूपर्यंत चढते.

दुधीचं रायतंही याच रीतीनं होतं, फक्त फोडी लहान आणि वाफ कमी, बोटानं दाबली तर दबेल पण मोडणार नाही इतकीच. दुधी चिरण्यापूर्वी त्याचा एक लहान तुकडा कच्चा चाखून लगेच थुंकायचा. कडू लागला तर सगळा दुधी फेकून द्यायचा. साखर घालून किंवा शिजवून ते झाकता येत नाही, आणि कडू दुधीनं माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत. काकडीलाही हाच नियम लावा.

बिटाची गोष्ट वेगळी. त्या मुलाला येणारा मातीचा वास खरोखरच असतो. बिटातल्या ज्या द्रव्यामुळे तो येतो, त्याच द्रव्यामुळे पहिल्या पावसात मातीचा गंध दरवळतो. आंबटपणानं हा वास मोडतो, त्यामुळे बिटाला लिंबू किंवा दही हवंच आणि तेही वाढण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटं आधी. बीट न सोलता, शेपूट आणि देठाचा थोडा भाग तसाच ठेवून उकडायचं. कापून उकडलं तर रंग आणि गोडी दोन्ही पाण्यात जातात. मध्यम बिटाला कुकरच्या चार शिट्ट्या लागतात. सुरी सहज आत गेली म्हणजे झालं. साल मग बोटांनी निघते. किसण्यापेक्षा बारीक चौकोनी फोडी कराव्यात, किसलेलं बीट लवकर चिकट होतं. दह्यात कालवल्यावर येणारा गुलाबी रंग मुलांना फार आवडतो आणि मोठ्यांना कधी कधी मुळीच नाही. अशा वेळी दही वेगळं ठेवून ताटात कालवू द्या. आणि हो, बीट खाल्ल्यावर काही जणांची लघवी लालसर होते, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी घाबरून बीट कायमचं सुटायचं.

मोडाच्या कोशिंबिरीत लोक चवीआधी मोडांतच हरतात. मूग रात्री भरपूर पाण्यात भिजवायचे. आठ तासांनी ते पाणी टाकून द्यायचं, मूग दोनदा धुवायचे आणि याच वेळी न फुगलेले गणंग दाणे वेचून काढायचे. एक गणंग कवळीखाली आला की सासरे पुन्हा महिनाभर मोडाकडे बघत नाहीत. मग पूर्ण निथळून ओल्या सुती फडक्यात सैलसर बांधायचे. घट्ट बांधले तर आतले दाणे घुसमटतात आणि वास येतो. उन्हाळ्यात बारा तासांत मोड दिसतात. नाशिकच्या थंडीत दीड दिवसही लागतो, आणि तेव्हा गाठोडं झाकणाच्या डब्यात घालून वर जाड टॉवेल गुंडाळावा. मोड दाण्याएवढा किंवा थोडा अधिक झाला की पुरे. फार लांब मोड कोशिंबिरीत तोंडात घोळतात आणि चवही कडवट होते. वाटीभर मुगांचे साधारण तीन वाट्या मोड होतात, तेव्हा चार माणसांना वाटीभरापेक्षा कमीच भिजवा. फडकं सोडल्यावर बोटांना बुळबुळीत लागलं किंवा आंबूस वास आला तर सरळ टाकून द्या.

मोड कच्चे खावेत की वाफवून, यावर घरोघरी वाद असतो. माझं म्हणणं स्पष्ट आहे, वाफवून. मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते तीच रोगजंतूंनाही मानवते, आणि ते दाण्याच्या आतही असू शकतात, त्यामुळे धुऊन जातातच असं नाही. लहान मुलं, गर्भवती, म्हातारी माणसं आणि आजारातून उठलेले यांना कच्चे मोड देऊच नयेत. शिवाय कच्च्या मोडांनी पोट फुगतं, आणि तीच तक्रार पुढे ‘मला सॅलड सोसत नाही’ या वाक्यात जाते. मोदकपात्रात चाळणीवर पसरून, वाफ धरल्यापासून सहा-सात मिनिटं ठेवायचे. दाणा दोन बोटांत दाबला तर चेपला पाहिजे, पण अख्खा राहिला पाहिजे. पाण्यात उकळले तर साल सुटून उसळीचा गाळ होतो. राजम्याला मोड काढून कोशिंबीर करण्याचा उद्योग मात्र करू नका. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा विषारी ठरतो, त्याला नीट उकळूनच शिजवावं लागतं.

वाफवलेले दोन वाट्या मोड कोमट असतानाच त्यांवर मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस घाला. कोमट दाण्यात चव मुरते, गार झाल्यावर ती वरवर राहते. मग बारीक चिरलेला कांदा, ओलं खोबरं, कोथिंबीर, अर्धी वाटी डाळिंबाचे दाणे आणि वर हिंग-मोहरीची फोडणी. कांदा उग्र असेल तर चिरून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवून निथळून घ्या. कैरीच्या दिवसांत लिंबाऐवजी कैरीचे बारीक तुकडे घालावेत, त्याला तोड नाही. मुलासाठी यातलेच थोडे मोड वेगळे काढून त्यात चिंच-गुळाची चटणी, कुरमुरे आणि चमचाभर शेव घातली की ती भेळ होते. शेव घातली म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना मी विचारते, की खाली मोड आहेत ना? पुढे शेव हळूहळू कमी करता येते. कुरमुरे मात्र ताटात घातल्यावरच, अगदी खाण्याच्या क्षणी.

मटकीचे मोड झटपट येतात, पण वाफवल्यावरही ते थोडे चिवट राहतात. दात असलेल्यांना ते आवडतात. कवळीवाल्यांसाठी मूगच बरे.

फळांच्या कोशिंबिरीत गल्लत अशी होते, की ती फ्रूट सॅलड होऊन बसते. म्हणजे कस्टर्ड, साखर आणि जेवणानंतरची वाटी. आपल्याला हवी आहे ती जेवणातली, मीठ-मिरची असलेली. पेरू यासाठी फार गुणी फळ आहे. अर्धवट पिकलेला, दाबल्यावर किंचित दबणारा पेरू घ्या. पूर्ण पिकलेला कालवताना चिखल होतो. बियांचा गाभा चमच्यानं काढून टाका, कारण कवळीचं आणि पेरूच्या बियांचं हाडवैर. बारीक फोडींवर दही, मीठ, थोडी साखर, भरडलेलं जिरं आणि हिरवी मिरची. केळ्याचंही असंच, फक्त केळं कापल्यावर लगेच दह्यात पडलं पाहिजे. उघडं राहिलं की काळं पडतं, आणि काळं केळं बघून मुलं हात मागे घेतात. दह्याचा आंबटपणा हे काळेपण थोपवतो. सफरचंदाला लिंबू चोळलं तर तोच परिणाम मिळतो.

अननसाचं रायतं कडू झालं, ही हमखास येणारी तक्रार आहे आणि तिचं कारण अननसात आहे. कच्च्या अननसातला एक पाचक घटक दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतो, त्यातून कडवटपणा येतो आणि दही पातळ होतं. पपईतही तसाच घटक असतो. उष्णतेनं तो निकामी होतो. दोन वाट्या बारीक फोडी दोन चमचे साखरेबरोबर पाणी न घालता मंद आचेवर पाच-सात मिनिटं शिजवा, चांगलं उकळू द्या, पूर्ण गार करा आणि मगच दह्यात घाला. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, म्हणून हॉटेलचं रायतं कडू होत नाही. दह्याशिवायचा अननस हवा असेल तर गोव्या-कोकणातलं सासव करून बघा, त्यात फळाला ओलं खोबरं, मोहरी, मिरची आणि गूळ यांचं वाटण लागतं.

फळं आली म्हणजे साखर आली, हे घरातल्या मधुमेह असणाऱ्यानं विसरू नये. मोडांवर मूठभर डाळिंब चालतं, पण केळं-अननसाचं रायतं वाटीभर आणि त्यावर पोळ्याही नेहमीइतक्याच, हे गणित जमत नाही. अशा माणसासाठी पेरू निवडा, वरची साखर वगळा आणि वाटी लहान ठेवा.

मावसबहिणीनं आठवडा असा लावला. सोमवारी भोपळ्याचं भरीत, मंगळवारी खमंग काकडी, बुधवारी मोड, गुरुवारी पेरू, शुक्रवारी बीट, शनिवारी परत मोड, पण भेळेसारखे. रविवारी काही नाही, कारण रविवारी ती स्वतःच कंटाळलेली असते. तिनं आणखी दोन गोष्टी बदलल्या, आणि त्यांचा परिणाम पदार्थांइतकाच झाला असं मला वाटतं. पोळ्या तव्यावर असतानाच ती कोशिंबिरीच्या वाट्या टेबलावर मांडते. त्या वेळी सगळे भुकेलेले असतात आणि समोर दुसरं काही नसतं. भाजी-आमटी आल्यावर वाढली तर कोशिंबीर पुन्हा कडेला सरकते. दुसरं म्हणजे वाटी तिनं लहान केली, चार चमच्यांची. संपलेली छोटी वाटी पुन्हा भरून मागता येते. अर्धी उरलेली मोठी वाटी नुसती बोलणी खाते.

शुक्रवार अजूनही डळमळीतच आहे. मुलगा बीट खातो ते फक्त गुलाबी दह्यात, आणि नवरा खातो ते फक्त फेसलेली मोहरी असेल तर. म्हणून ती उकडलेल्या बिटाच्या फोडी मधे ठेवते आणि दही, मोहरी, लिंबू शेजारी वेगळ्या वाट्यांत. ज्यानं त्यानं आपलं कालवून घ्यावं.

उरलेल्याचं काय, हा प्रश्न राहतोच. दह्यातली कोशिंबीर त्याच दिवशी संपवा, शिळी झाली की ती आंबते. दही न घातलेली काकडी किंवा वाफवलेले मोड मात्र फ्रीजमध्ये एक दिवस राहतात. काकडी उरली तर फोडणीसकट थालीपिठाच्या भाजणीत मळायची. मोड उरले तर सकाळच्या पोह्यांत, कांदा परतून झाल्यावर घालायचे. पोहे घालण्यापूर्वी मीठ चाखून बघा, मोडांत ते आधीच असतं.